पेढीचे नाव आणि पुडीवरचे नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या हळदीची अडत चालवणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करावी. शेतकऱ्याची हळद सौद्यात लावायची, अडत घ्यायची, पट्टी करून द्यायची, एवढाच आजवरचा व्यवसाय. पेढीचे नाव म्हणजे आजोबांचे नाव आणि पुढे 'आणि सन्स'. पोत्यावर ते नाव छापले गेले काय किंवा नाही काय, व्यापाऱ्यांना पेढी ठाऊक होती आणि शेतकऱ्यांना माणूस ठाऊक होता. आता घरातील धाकटा मुलगा आणि सूनबाई यांनी हळद दळून, शंभर आणि दोनशे ग्रॅमच्या पुड्यांत भरून, स्वतःच्या नावाने विकण्याचे ठरवले आहे. पुढे मसाले आणि लोणचीही करायची आहेत. गिरणी ठरली, अन्नपदार्थांचा परवाना मिळाला, पुडी छापणाऱ्याने दरही दिला. आता तो रोज एकच प्रश्न विचारतो आहे : पुडीवर नाव काय छापायचे?

अशा वेळी घरात जी चर्चा होते ती बहुतेक व्यापारी कुटुंबांना ओळखीची वाटेल. अण्णा म्हणतात, "आजोबांचे नाव आहे, ते बाजारात चालते, नवीन कशाला?" आजींची इच्छा 'अरिहंत' किंवा 'नवकार' असावे अशी. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या फोनवर सांगतो, "काका, आधी कंपनी काढा, म्हणजे नाव आपल्या मालकीचे होईल." सूनबाईंच्या वहीत 'शुद्ध हळद', 'सांगली गोल्ड' अशी आणखी चार नावे आहेत. यातील प्रत्येक सूचनेत थोडे तथ्य आहे आणि थोडी चूकही आहे. पुडी छापल्यानंतर ती चूक उमगली तर छपाईचे सिलिंडर बदलण्यापासून बाजारात गेलेला माल परत बोलावण्यापर्यंत खर्च होतो. कोर्टाचा मनाई हुकूम आला तर गोदामातील भरलेला मालही तसाच पडून राहतो.

प्रथम पुतण्याचे म्हणणे पाहावे, कारण हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. गुमास्ता परवाना काढला, जीएसटी क्रमांक घेतला, बँकेत त्या नावाने चालू खाते उघडले, की नाव आपले झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात यांपैकी कोणतेही कार्यालय नावाची मालकी देत नाही. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव अशा दोन ओळी असतात. व्यापारी नावाच्या ओळीत काय लिहावे हे व्यापारी स्वतः ठरवतो आणि तेच नाव लिहिलेली दुसरी शेकडो प्रमाणपत्रे राज्यात असू शकतात. भागीदारी पेढीची निबंधकाकडे केलेली नोंदणी भागीदारांचे परस्परांतील आणि बाहेरच्यांशी असलेले हक्क सांभाळते, नावाचे नव्हे.

कंपनीचे तसे थोडे वेगळे आहे. कंपनी व्यवहार मंत्रालय नाव मंजूर करण्याआधी त्या नावाची दुसरी कंपनी आहे का हे पाहते आणि मंजूर केलेले नाव नव्या कंपनीसाठी वीस दिवस राखून ठेवते. नोंदणीकृत ट्रेडमार्कशी नाव जुळत असेल तर तेही नाकारले जाऊ शकते. पण नाव मंजूर झाले म्हणजे ते पुडीवर छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. उलट, कंपनी स्थापन झाल्यावर तीन वर्षांच्या आत एखाद्या नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली आणि ती मान्य झाली, तर कंपनी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तीन महिन्यांत कंपनीचे नाव बदलावे लागते. म्हणजे पुतण्याने सुचवलेल्या वाटेने गेले तर कंपनीच्या कागदांचा खर्च होईल आणि पुडीवरच्या नावाचा प्रश्न होता तिथेच राहील.

पुडीवरचे नाव ज्या कायद्याने आपले होते तो कायदा म्हणजे ट्रेडमार्क कायदा, १९९९. यात नावाकडे पाहण्याची दृष्टी पेढीच्या दृष्टीपेक्षा निराळी आहे. हा माल अमुक एका ठिकाणाहून आला, हे ज्या खुणेवरून गिऱ्हाइकाला कळते ती खूण, इतकाच ट्रेडमार्कचा अर्थ. त्यामुळे नावात मालाचे वर्णन जितके अधिक, तितकी ती खूण दुबळी ठरते. 'शुद्ध हळद' हे नाव प्रत्येक हळद विकणाऱ्याला वापरावेसे वाटणार आणि कायदाही ते एकाला बहाल करत नाही. 'सांगली गोल्ड'चे दुखणे आणखी वेगळे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन हे त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे सामाईक धन असते, एका घराचे नाव नव्हे. नियमाप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून 'सांगली हळद' असे पुडीवर जरूर लिहिता येईल, पण ब्रँड म्हणून ते शब्द स्वतःकडे ओढून घेता येणार नाहीत.

आजींच्या सूचनेवर मात्र जरा थांबले पाहिजे. अरिहंत, महावीर, पद्मावती, पार्श्व, नवकार या नावांची दुकाने नाहीत अशी पेठ महाराष्ट्रात शोधावी लागेल. कापड, भांडी, सराफी, किराणा, बांधकाम, सर्वत्र तीच नावे आढळतात. श्रद्धेने ठेवलेली ही नावे दुकानाच्या पाटीवर शोभतात. ट्रेडमार्क म्हणून त्यांची अडचण अशी की जे सर्वांचे आहे ते एकाचे होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीवरील 'रामायण' या नावाच्या खटल्यात हेच सांगितले. पवित्र ग्रंथाचे नाव कोणा एका व्यापाऱ्याला वस्तूंचा ट्रेडमार्क म्हणून एकट्यासाठी राखून घेता येणार नाही. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, तुपाच्या 'कृष्णा' या नावावरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला होता. दूध-लोण्याशी ज्या देवाचे नाते घरोघर ठाऊक आहे त्याचे नाव दुग्धपदार्थांवर अनेकजण लावणारच, तेव्हा एका पेढीला इतरांना थोपवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अपवाद एवढाच की एखाद्याने ते नाव इतकी वर्षे आणि इतक्या प्रमाणावर वापरले असेल की गिऱ्हाइकाच्या मनात त्याचा अर्थच ती पेढी असा झाला असेल, तर गोष्ट वेगळी. पण हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते, आणि नव्या पुडीपाशी सिद्ध करण्याजोगे काहीच नसते.

'अरिहंत' लिहिलेल्या सुंदर लेबलची नोंदणी कधीकधी मिळते, आणि येथेच पुष्कळजण फसतात. ती नोंदणी संपूर्ण लेबलची असते : रंग, चित्र, अक्षरांची ठेवण, सारे मिळून. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्यातील एका शब्दावर स्वतंत्र हक्क मिळत नाही. उद्या शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याने वेगळ्या रंगात 'अरिहंत मसाले' काढले तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि शेजाऱ्याची पुडीही बाजारात राहील.

सूनबाईंनी घरात याच्याही पलीकडचा मुद्दा मांडला. "आजी, पुडी रिकामी झाली की ती केरात जाते. त्यावर नवकार छापलेला असेल तर?" आशातनेचा हा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांना कायद्यापेक्षा लवकर पटला. योगायोग असा की धार्मिक भावना दुखावतील अशी खूण नोंदवू नये, असे कायद्याचे कलम ९ सुद्धा सांगतेच.

मग नाव कसे असावे? मालाशी ज्याचा थेट संबंध नाही असा नेहमीचा शब्द, नाहीतर मुळात भाषेत नसलेला, घडवलेला शब्द, ही सर्वांत भक्कम नावे. त्यांच्या खालोखाल मालाची नुसती चाहूल देणारे नाव. व्यापाऱ्याला साहजिकच उलटे वाटते. वर्णन असेल तर गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही, जाहिरातीचा खर्च वाचतो. तो वाचतोही. पण तो वाचलेला खर्च शेजाऱ्याच्या पुडीलाही तेवढाच उपयोगी पडतो, हे लक्षात यायला चार-पाच वर्षे जातात.

या कुटुंबात नाव शोधताना आधी मळ्यांची नावे निघाली. 'उंबरमळा' सर्वांना आवडले होते, पण उंबर हे पाच उदुंबर फळांतले, म्हणजे अभक्ष्य, आणि खाण्याच्या पुडीवर ते नको, असे आजींनी एका वाक्यात निकालात काढले. मग अण्णांना हरिपूरची पेवे आठवली. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत सांगलीची हळद पूर्वी साठवली जाई. आता गोदामे आणि शीतगृहे आल्यावर ती मागे पडली. आजोबांच्या काळी पेढीची सात पेवे होती. त्यावरून 'सातपेव' हा शब्द तयार झाला. भाषेत तो नाही, मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्याचा अर्थही कळणार नाही, पण सांगलीच्या माणसाला हळदीचा वास येईल. ट्रेडमार्कच्या दृष्टीने हे उत्तम मिश्रण झाले.

नाव सुचले की ते लगेच छापू नये, शोधावे. केंद्र शासनाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध विनामूल्य करता येतो. शोधण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे वर्ग. जगातील सर्व वस्तू आणि सेवा ४५ वर्गांत विभागल्या आहेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले सेवांचे. हळद पावडर आणि मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची २९ मध्ये. दुकानातून किंवा ऑनलाइन अनेक प्रकारचा माल विकण्याची सेवा ३५ मध्ये. दागिने १४ मध्ये आणि तयार कपडे २५ मध्ये. एका वर्गात असलेले नाव दुसऱ्या अगदी निराळ्या वर्गात सहसा आड येत नाही. मात्र मसाले आणि लोणची एकाच दुकानात, एकाच फळीवर असतात, म्हणून वर्गाचा आकडा वेगळा असला तरी ती जवळचीच धरली जातात. या कुटुंबाने २९, ३० आणि ३५ असे तीनही वर्ग पाहिले.

शोधाच्या पानावर नाव टाइप करून `Contains` हा पर्याय निवडला की ती अक्षरे ज्यात आहेत अशी सर्व नावे समोर येतात. दुसरा पर्याय `Phonetic`, म्हणजे उच्चाराने जवळची नावे. बहुतेकजण पहिल्या शोधात आपले नाव दिसले नाही की आनंदाने खिडकी बंद करतात. मराठी शब्द रोमन लिपीत चार प्रकारे लिहिला जातो, हे त्या वेळी सुचत नाही. म्हणून SATPEV, SAATPEV, SATPEO, SAT PEV असे सारे पाहावे लागते. त्यानंतर शब्दाचे तुकडे पाहावेत : नुसते PEV, आणि SAT किंवा SAATने सुरू होणारी मसाल्याची नावे. अर्थानेही शोधावे, कारण भाषांतरित नावाची गफलतही कायदा विचारात घेतो. एका रविवारची सकाळ जाते, पण ती जाऊ द्यावी.

जवळचे नाव किती जवळचे, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच घालून दिली. 'अमृतधारा' या जुन्या, सुप्रसिद्ध औषधासमोर 'लक्ष्मणधारा' नावाचे औषध उभे राहिले होते. अमृत आणि लक्ष्मण यांत साम्य काय, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने दोन्ही नावे शेजारी ठेवून अक्षरे मोजली नाहीत. साधारण बुद्धीचा, फारशी सावधगिरी न बाळगणारा आणि नाव अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक दुकानात आला तर तो फसेल का, असे पाहिले, आणि फसण्याचा संभव आहे असे ठरवले. किराणा दुकानात पिशवी पुढे करून "ती पिवळ्या पुडीतली, सात का काहीतरी नाव असलेली द्या" म्हणणारे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणले की ही कसोटी पुस्तकाविना समजते.

शोधात सापडलेल्या नावापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. `Registered` म्हणजे नोंदलेले. `Objected` म्हणजे परीक्षकाने आक्षेप घेतला आहे, `Opposed` म्हणजे तिऱ्हाइताने विरोध केला आहे. ही दोन्ही अजून जिवंत आहेत. `Abandoned` किंवा `Refused` असेल तर अर्ज संपला. पण संपलेल्या अर्जाने पुष्कळांना चुकीचा धीर येतो. अर्ज बारगळला तरी त्या माणसाने माल विकणे थांबवले असे नाही, आणि येथे भारतीय कायद्याची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे आधी नोंदणी करणाऱ्यापेक्षा आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो.

तमिळनाडूतील तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडै' हलवा हे याचे चांगले उदाहरण. इरुट्टुकडै म्हणजे अंधारे दुकान. मंद दिव्यात हलवा विकणाऱ्या त्या दुकानाला लोकांनीच हे नाव दिले. दुसऱ्याने तेच नाव जोडून हलवा विकायला सुरुवात केली, त्याच्याजवळही नोंदणी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये निकाल लागला : नोंदणीचे प्रमाणपत्र हाती असले तरी पूर्वीपासून वापर करणाऱ्याचा हक्क त्याहून श्रेष्ठ. म्हणून नोंदवहीतला शोध पुरेसा नाही. मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांना विचारावे, मोठ्या ऑनलाइन दुकानांवर नाव टाइप करून पाहावे, कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या घाऊक बाजारात पुडी घेऊन जाणाऱ्या फेरीच्या माणसाला विचारावे. नोंदवहीत नसलेला प्रतिस्पर्धी बहुधा त्यालाच ठाऊक असतो.

हाच नियम जुन्या पेढ्यांच्या बाजूनेही काम करतो. चाळीस वर्षे वापरात असलेले पण कधी न नोंदवलेले नाव वाचवायचे असेल तर वापराचा पुरावा लागतो. जुनी बिलबुके, लेटरहेड, वजनकाट्याच्या पावत्या, जीएसटीपूर्वीची विक्रीकराची विवरणपत्रे, पर्युषण किंवा दिवाळी अंकात दिलेल्या जाहिराती, अशी तारीख असलेली प्रत्येक वस्तू कामी येते. घर बदलताना, माळा साफ करताना हेच कागद प्रथम रद्दीत जातात. अर्जात अमुक सालापासून वापर असे लिहिले की त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि हे कागद द्यावे लागतात. या कुटुंबाने 'सातपेव' अजून विकलेच नव्हते, म्हणून त्यांनी 'वापरण्याचा विचार आहे' हा पर्याय घेतला. तसे प्रामाणिकपणे लिहिण्यात काही कमीपणा नाही. खोटी जुनी तारीख टाकली तर विरोधकाच्या वकिलाला आयतेच शस्त्र मिळते.

अर्ज टीएम-ए या नमुन्यात होतो. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शासकीय शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. भागीदारी पेढीजवळ उद्यम प्रमाणपत्र नसेल तर ती दुसऱ्या गटात जाते. म्हणून ते आधी काढून घ्यावे. कुटुंबाने दोन वर्गांसाठी, म्हणजे ९,००० रुपये भरून, आधी साध्या अक्षरांतील शब्दाचा अर्ज केला. चित्रासह लेबलचा अर्ज पुढे केव्हाही करता येतो. शब्द साध्या अक्षरांत नोंदला असेल तर पुडीचा रंग किंवा अक्षरांची ठेवण बदलली तरी संरक्षण कायम राहते. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण तेथे खेपा घालाव्या लागत नाहीत.

अर्ज केल्या दिवसापासून नावापुढे 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातील आर ही खूण मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावरच. नोंदणी नसताना ती छापणे कायद्याने दंडनीय आहे, आणि छपाईवाला हौसेने ती टाकून देतो, म्हणून प्रूफ नीट पाहावे.

यानंतरचा काळ वाट पाहण्याचा, आणि बहुतेक नुकसान याच काळात होते. परीक्षक अहवाल पाठवतो. त्यात आक्षेप असेल तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आक्षेप दूर झाला की नाव दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. तेथून चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. विरोधाची नोटीस आली तर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन दाखल करावेच लागते. ही मुदत वाढत नाही, आणि ती चुकली की अर्ज सोडून दिला असे मानले जाते. म्हणजे खटला लढून हरण्याची वेळच येत नाही. नोटीस ई-मेलने येते, आणि अर्जात ई-मेल बहुधा ज्याने तो भरला त्या एजंटचा असतो. एजंटने काम सोडले, ई-मेल बदलला, की नोटीस कोणी वाचतच नाही. म्हणून अर्जात पेढीचा, रोज उघडला जाणारा ई-मेलही असावा, आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः पाहावी. कोणीच विरोध केला नाही तर नोंदणी होते आणि तिचा हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. ती दहा वर्षे चालते व नूतनीकरण करत राहिल्यास पुढेही चालते. मात्र नाव नोंदवून सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरता ठेवले तर दुसरा कोणी ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

आता उरला अण्णांचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक. आजोबांचे नाव पुडीवर का नको? कारण ते नाव एकट्या अण्णांचे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी भावाभावांत वाटणी झाली, धाकटे काका कोल्हापूरला गेले आणि तेथे त्यांनी त्याच नावाने पेढी उघडली. वाटणीपत्रात घर, गोदाम, गाळा, तोळ्यातोळ्याने सोने, सारे लिहिले होते. पेढीच्या नावाची ओळ नव्हती. तेव्हा कोणाला तिची गरज वाटली नाही, कारण दोन्हीकडे पोती विकली जात होती. पुडी मात्र सांगलीत भरली तरी कोल्हापुरात विकली जाते.

अशी ओळ राहून गेली, किंवा लिहिली असूनही पुढे अर्थावरून वाद झाला, याची मोठमोठी उदाहरणे आहेत. हल्दीराम या नावाच्या कुटुंबातील पेढी १९७४ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा नावाचा हक्क प्रदेशांप्रमाणे वाटला गेला : पश्चिम बंगाल एकीकडे, उरलेला देश दुसरीकडे. कागदावर रेघ स्पष्ट होती, तरी प्रकरण पुढे न्यायालयात गेले आणि त्यातील एका प्रश्नावर २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अलीकडे मुंबईत 'लोढा' या आडनावावरून दोन भावांच्या उद्योगांत वाद उभा राहिला. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो मध्यस्थाकडे सोपवला आणि काही महिन्यांतच तडजोड झाली. कोणत्या नावाने कोणी व्यवसाय करायचा, हे लेखी ठरले. आपल्या खऱ्या नावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करण्यास कलम ३५ मोकळीक देते, हे खरे. पण प्रामाणिक कोणाला म्हणायचे, हाच तर खटल्याचा विषय असतो, आणि घरातील माणसे एकमेकांविरुद्ध त्याचे पुरावे गोळा करतात.

अण्णांनी कोल्हापूरला फोन केला. काका म्हणाले, "दादा, नाव वडिलांचे आहे, मी काही अडवणार नाही." अण्णांना एवढ्याने समाधान झाले असते. वकिलांनी मात्र विचारले, "ते अडवणार नाहीत, पण त्यांची मुले? आणि त्यांनी उद्या त्याच नावाने तिखट काढले तर तुमची मुले अडवतील का?" मग दोन्ही घरे बसली आणि एक करार झाला. आजोबांचे नाव दोन्ही पेढ्यांच्या पाटीवर आणि बिलावर राहील, पण कोणत्याही पुडीवर मोठ्या अक्षरांत येणार नाही. 'सातपेव' सांगलीकरांचे, आणि कोल्हापूरकरांनी पुढे जे नाव काढतील ते त्यांचे. पुडीच्या मागे, पत्त्याच्या ओळीत, उत्पादक म्हणून पेढीचे नाव लहान अक्षरांत छापता येईल.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, यावरही एक संध्याकाळ गेली. सूनबाईंची कल्पना, मुलाचे भांडवल, अण्णांची पत. एका व्यक्तीच्या नावाने अर्ज केला तर नाव त्या व्यक्तीच्या मालमत्तेत धरले जाते आणि तिच्या पश्चात तिच्या वारसांकडे जाते. पेढीतील इतरांचा त्यावर हक्क उरत नाही. भागीदारी पेढीच्या नावाने केला तर ती पेढीची मालमत्ता होते, आणि पेढी विसर्जित झाली की नावाचे काय, हे भागीदारी पत्रात नसेल तर पुन्हा जुनीच गोष्ट. शेवटी मुलगा आणि सूनबाई यांची नवी भागीदारी झाली. अण्णा त्यात नाहीत, हे त्यांनी स्वतःच सुचवले. भागीदारी पत्रात एक कलम घातले गेले : विसर्जनाच्या वेळी 'सातपेव' हे नाव जो भागीदार गिरणी चालू ठेवील त्याच्याकडे जाईल, आणि त्याची किंमत सनदी लेखापालाकडून ठरवून दुसऱ्याला दिली जाईल. असे हस्तांतर पुढे झालेच तर ते लेखी असावे लागते आणि ट्रेडमार्क कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते, हेही वकिलांनी समासात लिहून ठेवले.

पुडीचे प्रूफ आले तेव्हा त्यावर वर्तुळातला आर होताच. सूनबाईंनी तो खोडून 'टीएम' लिहिले. पहिल्या खोक्याचे बिल इस्लामपूरच्या एका किराणा दुकानदाराच्या नावाने फाटले. अण्णांनी त्या बिलाची प्रत काढून एका वेगळ्या फाइलीत लावली आणि वर तारीख घातली.